सत्ताविशीत कोण कुठे?

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दहा दिवसांच्या आत तीन सुवर्णपदकं अशा तिघांना मिळाली, ज्यांचा जन्म एकाच वर्षीचा, १९९७चा. मार्चमध्ये जन्मलेल्या अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने जिम्नॅस्टिक्समधलं ऑलराउंड विजेतेपद जिंकलं. जुलैत जन्मलेल्या तिच्याच देशाच्या नोआ लाइल्सने शंभर मीटरची शर्यत सेकंदाच्या पाच सहस्रांश भागाने मारली. एप्रिलमध्ये जन्मलेली न्यूझीलंडची लिडिया को गोल्फमध्ये पहिली आली. तिघांचंही वय २७.

पण या सत्ताविशीचा अर्थ तिघांसाठी वेगवेगळा होता. बाइल्सबद्दल सगळीकडे छापून आलं, की १९५२नंतर इतक्या मोठ्या वयाची ऑलराउंड विजेती झालेली नाही. लाइल्सच्या वयाची कोणी दखलही घेतली नाही, कारण धावपटू या वयातच जिंकतात. गोल्फमध्ये तर या वयानंतरही दहा-पंधरा वर्षं अव्वल राहिलेले खेळाडू कितीतरी सापडतील. आणि त्याच ऑलिंपिकची पुरुषांची मॅरेथॉन जिंकलेला इथिओपियाचा तामिरात तोला दुसऱ्या दिवशी तेहतीस वर्षांचा झाला.

शरीर सगळ्यांचं सारख्याच क्रमाने वाढतं आणि झिजतं, मग बहराचं वय खेळागणिक का बदलतं? वय वाढतं तसं शरीरातलं काही कमी होत जातं आणि काही साठत जातं. कमी होणाऱ्यात वेग, लवचीकपणा आणि दुखापतीतून पटकन सावरण्याची ताकद येते. साठणाऱ्यात सरावाने कमावलेला दम, हालचालीतली काटकसर आणि डोक्यातलं शहाणपण येतं. कुठला खेळ कशावर जास्त अवलंबून आहे, यावर त्याचं वय ठरतं. जिम्नॅस्टिक्सची गोष्ट मात्र जरा निराळी आहे. तिथे प्रश्न बराचसा शरीराच्या आकाराचा आहे.

लहान मुलींचा खेळ?

१९७६मध्ये माँट्रियलला रुमानियाची नादिया कोमानेची चौदाव्या वर्षी दहापैकी दहा गुण घेऊन गेली आणि जिम्नॅस्टिक्स हा लहान मुलींचा खेळ आहे, असं जगाने धरूनच टाकलं. त्याच्या वीस वर्षं आधी, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या अ‍ॅग्नेस केलेतीने चार सुवर्णपदकं जिंकली होती, तेव्हा ती ३५ वर्षांची होती. तेव्हाच्या खेळात हवेतल्या कसरतींपेक्षा डौलाला आणि संतुलनाला महत्त्व होतं. सत्तरच्या दशकात कोलांट्या आणि गिरक्या वाढल्या आणि बाजी बुटक्या, हलक्या शरीराकडे गेली.

का गेली, ते साध्या गणिताने कळतं. समजा, एक मुलगी १४० सेंटिमीटर उंच आणि ३० किलो वजनाची आहे. वयात येताना ती १५४ सेंटिमीटरची झाली, म्हणजे उंची दहा टक्क्यांनी वाढली. अंगाची ठेवण तीच राहिली असं धरलं, तर वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढून ४० किलोच्या आसपास जातं. स्नायूंची ताकद त्यांच्या जाडीवर, म्हणजे उंचीच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे ती २१ टक्केच वाढते. आणि शरीर हवेत गरकन फिरवायला जो विरोध होतो, तो वाढतो तब्बल ६१ टक्क्यांनी. काल जी दुहेरी कोलांटी सहज होत होती, तिच्यासाठी आज कितीतरी जास्त जोर लागतो आणि तेवढा जोर अंगात आलेला नसतो. मुलग्यांमध्ये याच वयात टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू झपाट्याने भरतात आणि ही तूट निघून जाते. मुलींमध्ये स्नायूंबरोबर चरबीचं प्रमाणही वाढतं, त्यामुळे तूट जास्त काळ जाणवते.

म्हणूनच पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये बहर विशीत येतो. रिंग्जवर दोन्ही हात आडवे पसरून शरीर क्रॉससारखं स्थिर धरायला खांद्यात जी ताकद लागते, ती सोळाव्या वर्षी येत नाही. जपानच्या कोहेई उचिमुराने २००९ ते २०१६ या काळात जागतिक आणि ऑलिंपिक मिळून आठ ऑलराउंड विजेतेपदं जिंकली, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापासून सत्ताविसाव्यापर्यंत.

मुलींच्या बाबतीत लहान वयाचा फायदा इतका उघड होता, की त्यावर नियम करावे लागले. मोठ्या स्पर्धांसाठी किमान वय आधी चौदा होतं, १९८१मध्ये ते पंधरा झालं आणि १९९७पासून सोळा. तरी चोरवाटा निघाल्याच. सिडनी ऑलिंपिकमध्ये चीनच्या महिला संघाने मिळवलेलं ब्राँझ २०१०मध्ये काढून घेण्यात आलं, कारण संघातली एक मुलगी त्या वेळी चौदाच वर्षांची होती, असं सिद्ध झालं.

मग बाइल्स सत्ताविसाव्या वर्षी कशी जिंकते? तिची उंची १४२ सेंटिमीटर आहे. ती मोठी झाली, पण वरच्या गणितातली उंची तिच्या वाट्याला आलीच नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलीएवढ्या चणीत पूर्ण वाढलेल्या बाईचे पाय आहेत, आणि त्या पायांत वीस वर्षांचा सराव आहे. शिवाय २००६मध्ये गुणांची पद्धत बदलली. दहा गुणांची कमाल मर्यादा गेली आणि कसरत जितकी अवघड तितके गुण जास्त, असं झालं. तिच्या नावाने ओळखला जाणारा एक व्हॉल्ट घ्या. धावत येऊन ती फळीवर उलटी पडते, हातांनी टेबलाला धक्का देते आणि पाय सरळ ठेवून, कंबरेत दुमडून हवेत मागच्या मागे दोन कोलांट्या घेऊन उतरते. यासाठी उंच उडावं लागतं आणि उंच उडायला पायांत जोर लागतो. तो जोर मोठ्या वयात जास्त असतो.

आपल्याकडे दीपा कर्माकरचं उदाहरण आहे. रिओमध्ये प्रोदुनोव्हा नावाचा जोखमीचा व्हॉल्ट मारून ती चौथी आली, तेव्हा तिने नुकतीच तेविशी गाठली होती. ब्राँझ ०.१५ गुणांनी हुकलं. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, मध्ये बरीच वर्षं गेली आणि २०२४च्या मे महिन्यात ताश्कंदला तिने आशियाई स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं, वय ३०. व्हॉल्ट हा एका उडीचा प्रकार असल्याने तिथे ताकद वयाची भरपाई करते. बारवर आणि बीमवर तशी भरपाई अवघड जाते. शिवाय सहाव्या-सातव्या वर्षापासून मनगटं, कंबर आणि घोटे रोज आपटून झिजलेले असतात. बहुतेकींची कारकीर्द ताकद संपल्याने नव्हे, तर हे सांधे दुखू लागल्यामुळे आटोपते.

नऊ शतांश सेकंदांचं काम

शंभर मीटरच्या शर्यतीत वय कुठे पकडतं, ते पाहायला उसेन बोल्टचेच आकडे पुरेसे आहेत. २१व्या वर्षी बीजिंगला ९.६९ सेकंद. २२व्या वर्षी, तेविसावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, बर्लिनला ९.५८. २५व्या वर्षी लंडनला ९.६३. २९व्या वर्षी रिओत ९.८१, तरीही सुवर्ण. तिशीत, २०१७मध्ये लंडनला ९.९५ आणि तिसरा क्रमांक. बर्लिनचा बोल्ट आणि शेवटचा बोल्ट एकाच शर्यतीत धावले असते, तर दोघांत साधारण चार मीटरचं अंतर पडलं असतं.

हे चार मीटर कुठे गेले? बर्लिनमध्ये ६० ते ८० मीटर हा टप्पा बोल्टने १.६१ सेकंदांत पार केला होता, म्हणजे ताशी जवळजवळ ४५ किलोमीटर. या वेगात प्रत्येक पाऊल जमिनीला सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ टेकतं. तेवढ्या वेळात शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट जोर जमिनीवर द्यावा लागतो. जोर असून भागत नाही, तो त्या क्षणात बाहेर पडावा लागतो. पाय हवेत पुढे आणायला अव्वल धावपटूला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच सामान्य माणसालाही लागतो. फरक पडतो तो जमिनीला दिलेल्या धक्क्यात.

हा धक्का देतात ते झटपट आकुंचन पावणारे स्नायूतंतू, त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जातंतू आणि स्प्रिंगसारखी ताण साठवून परत देणारी टाच-पोटरीची दोरी. वयाने पहिला मार या तिघांनाच बसतो. जलद तंतू बारीक होतात आणि आकुंचन पावायला किंचित जास्त वेळ घेतात. पाऊल जमिनीला काही सहस्रांश सेकंद जास्त टेकू लागतं. वय झालेल्या धावपटूंची मोजमापं घेतली तर दिसतं, की पावलं टाकण्याची गती फारशी बदललेली नसते, पण प्रत्येक पाऊल आखूड झालेलं असतं. शर्यत पाहताना आपल्याला वाटतं की त्याचे पाय तर तितकेच भराभर चालले आहेत, आणि बाजूचा मात्र पुढे सरकत राहतो.

मग अठराव्या वर्षीच सर्वांत वेगवान का नाही? कारण मांडीच्या मागच्या स्नायूंना आणि कंबरेला तो धक्का सोसण्याइतकं भरायला, आणि सुरुवातीच्या तीस मीटरमधलं तंत्र अंगवळणी पडायला सात-आठ वर्षं जातात. त्यामुळे बहुतेकांची सर्वोत्तम वेळ तेवीस ते सत्तावीस या वयात येते. अपवाद आहेत आणि तेही बोलके आहेत. जमैकाच्या शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइसने आई झाल्यानंतर, ३४व्या वर्षी १०.६० सेकंद ही आपली सर्वोत्तम वेळ दिली. सेंट किट्सचा किम कॉलिन्स चाळिसाव्या वर्षी ९.९३ सेकंदांत धावला. झीज सगळ्यांची होते, पण तिचा वेग सगळ्यांचा सारखा नसतो, आणि सुरुवातीच्या धक्क्याचं तंत्र उशिरापर्यंत सुधारता येतं.

इंजिन तेच, मायलेज वाढलं

मॅरेथॉनमध्ये उशिराचं वय का चालतं, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफने दिला आहे. ती अठरा वर्षांची असल्यापासून शरीरशास्त्रज्ञ अँड्र्यू जोन्स तिच्या चाचण्या घेत होते. ट्रेडमिलवर पळवायचं, तोंडाला मास्क लावायचा आणि शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते मोजायचं. शरीराला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरता येतो, याचा तिचा आकडा १९९२च्या सुमाराला दर किलो वजनामागे मिनिटाला ७० मिलिलिटरच्या आसपास होता. २००३मध्ये लंडनला तिने २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हाही तो तेवढाच होता.

बदललं होतं ते दुसरंच. ताशी १६ किलोमीटरच्या वेगाने धावताना अठराव्या वर्षी तिला दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे २०५ मिलिलिटर ऑक्सिजन लागत असे. एकोणतिसाव्या वर्षी १७५ पुरत होता. म्हणजे स्कूटरचं इंजिन तेच, पण मायलेज सुमारे सतरा टक्क्यांनी वाढलेलं. दोन तासांहून जास्त चालणाऱ्या शर्यतीत याचा हिशेब फार मोठा होतो, कारण शरीरात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या पुढे संपत येते. ज्याचं मायलेज चांगलं, त्याची साखर जास्त अंतर पुरते.

हे मायलेज विकत मिळत नाही. हजारो किलोमीटर धावून पोटरीच्या दोऱ्या घट्ट होतात, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, धावण्यातल्या वायफळ हालचाली गळून पडतात. याला दहा-बारा वर्षं लागतात. दरम्यान ऑक्सिजनची कमाल क्षमता तिशीनंतर हळूहळू उतरायला लागते, पण कसून सराव करणाऱ्यांमध्ये तो उतार व्यायाम न करणाऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास राहतो. एक रेघ सावकाश उतरते, दुसरी वर्षानुवर्षं चढत असते. त्यांच्या बेरजेचा उच्चांक साधारण सत्तावीस ते बत्तीसच्या दरम्यान येतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंचा उतार सौम्य असतो. म्हणून पोर्तुगालचा कार्लोस लोपेश ३७व्या वर्षी ऑलिंपिक जिंकतो आणि ३८व्या वर्षी विश्वविक्रम करतो. केनियाचा एलिउद किपचोगे २०२२मध्ये बर्लिनला २:०१:०९ वेळ देतो, तेव्हा तो ३७ वर्षांचा असतो.

यात शरीराइतकाच पैशाचा आणि परंपरेचाही भाग आहे. पूर्वी धावपटू आधी ट्रॅकवर पाच-दहा हजार मीटर धावत, तिथला वेग ओसरला की मॅरेथॉनकडे वळत. किपचोगे २००३मध्ये पाच हजार मीटरचा जगज्जेता होता आणि मॅरेथॉनला त्याने हात घातला २०१३मध्ये. नाशिकच्या कविता राऊतची वाटही अशीच होती. २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्राँझ २५व्या वर्षी, आणि रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन ३१व्या वर्षी. आता रस्त्यावरच्या शर्यतींत पैसा आल्यामुळे पूर्व आफ्रिकेतली पोरं ट्रॅक टाळून थेट मॅरेथॉनला येतात. केल्विन किपटुमने शिकागोला २:००:३५चा विश्वविक्रम केला, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तर पुरुषांचा विजेता सॅम्युअल वानजिरू २१ वर्षांचा आणि महिलांची विजेती कॉन्स्टँटिना दिता ३८ वर्षांची होती.

चाळिशीत धावायला लागलेल्या वाचकांसाठी यात एक कामाची गोष्ट आहे. मायलेज वाढायला किती वर्षं सराव झाला, ते महत्त्वाचं. ज्याने बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा बूट घातले, त्याची स्वतःची सर्वोत्तम वेळ पुढची काही वर्षं सुधारत राहू शकते. शंभर मीटरसाठी हे गणित चालत नाही.

पन्नाशीतला विजेता

गोल्फमध्ये एक फटका सेकंद-दीड सेकंदात संपतो. दिवसाकाठी सात-आठ किलोमीटर चालावं लागतं, पण दम लागत नाही. त्यामुळे वयाने जे पहिल्यांदा जातं, त्यातलं थोडंच इथे लागतं. काठीच्या टोकाचा वेग मात्र लागतो, आणि तो तिशीनंतर हळूहळू कमी होतो. पहिला फटका जवळ पडला, की दुसऱ्यासाठी लांबची काठी घ्यावी लागते आणि चेंडू भोकाजवळ थांबवणं अवघड जातं. उलट बाजूला वारा कुठून येतोय, ओल्या हिरवळीवर चेंडू किती सरकेल, कुठे धोका पत्करायचा आणि कुठे गुमान बाजूला मारायचं, ही समज वर्षानुवर्षं वाढत जाते.

या दोन्हींचा मेळ तिशीच्या आगेमागे जमतो. जॅक निकलसने अठरा मेजर स्पर्धा जिंकल्या, पहिली २२व्या वर्षी आणि शेवटची ४६व्या. टायगर वुड्सच्या पंधरापैकी चौदा वयाच्या ३२व्या वर्षापर्यंत आल्या, पंधरावी ४३व्या. फिल मिकलसन २०२१मध्ये पीजीए चॅम्पियनशिप जिंकून पन्नाशीत मेजर जिंकणारा पहिला खेळाडू ठरला. गोल्फचं वैशिष्ट्य उच्चांकात नाही, तर त्यानंतरच्या लांबलचक सपाटीत आहे. आपल्याकडे मिल्खा सिंगांच्या घरात दोन्ही टोकं दिसली. बापाच्या धावण्याचा बहर रोम ऑलिंपिकपर्यंतच्या काही वर्षांत आटोपला, तर मुलगा जीव मिल्खा सिंगने २०१२ची स्कॉटिश ओपन चाळिसाव्या वर्षी जिंकली.

पण सपाटीलाही कडा असते. २००९च्या जुलैत स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीला ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या भोकापाशी टॉम वॉटसन आला, तेव्हा तो ५९ वर्षांचा होता आणि नऊ महिन्यांपूर्वी त्याच्या खुब्याचा सांधा बदललेला होता. चार फटक्यांत भोक संपवलं असतं, तर स्पर्धा त्याची होती. दुसरा फटका त्याने आठ नंबरच्या आयर्नने सुरेख मारला, पण चेंडू टणक जमिनीवर टप्पा घेऊन हिरवळीच्या मागे उतरला. तिथून तिसरा फटका भोकाच्या आठेक फूट पुढे गेला. उरलेला पट त्याच्याकडून कमजोर बसला, चेंडू भोकात गेलाच नाही. त्यानंतरच्या चार भोकांच्या प्लेऑफमध्ये स्ट्युअर्ट सिंकने त्याला सहा फटक्यांनी हरवलं. वॉटसन तीन दिवसांहून अधिक काळ तिशीतल्या खेळाडूंच्या पुढे राहिला तो समुद्रकाठच्या वाऱ्याची आणि टणक जमिनीची नस माहीत असल्याने. हुकला तो आठ फुटांच्या फटक्यावर, जिथे काठीचा वेग लागतच नाही, फक्त हात स्थिर लागतो. वयस्कर गोल्फपटूंना छोट्या पटवर मनगट अचानक झटका देण्याचा त्रास होतो, त्याला ते ‘यिप्स’ म्हणतात.

पालकांसाठी एक खबरदारी

हे सगळे आकडे टिकून राहिलेल्यांचे आहेत. ३७व्या वर्षी धावणारा किपचोगे आपल्याला दिसतो, तिशीआधी गुडघे गेलेले दिसत नाहीत. म्हणून ही वयं बघून मुलांचं वेळापत्रक आखू नये. बारा वर्षांच्या गटात शंभर मीटर जिंकणारा मुलगा पुष्कळदा फक्त इतरांआधी वयात आलेला असतो. दोन-तीन वर्षांनी बाकीचे उंच झाले, की त्याची आघाडी संपते.

ते ओळखायला महागडी चाचणी लागत नाही. भिंतीवर दर तीन महिन्यांनी उंचीची खूण करावी. उंची एकदम भराभर वाढू लागली, की ज्या मुलाला कालपर्यंत सहज जमत होतं ते आज जमेनासं होतं, आणि गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखू लागतं. हाडांची वाढणारी टोकं तेव्हा नाजूक असतात. प्रशिक्षकाला ते सांगून उड्या आणि आपटणारा सराव त्या काळापुरता कमी करावा, आणि मूल किती वेगवान आहे याचा निवाडा वाढ थांबेपर्यंत लांबणीवर टाकावा.